त्रिकोणाचं कार्य: किती, कुठल्या दिशेने आणि कुणाचं?

बारावीच्या भौतिकशास्त्राची उत्तरपत्रिका समोर आहे आणि तिच्यात हाताने काढलेला एक त्रिकोण आहे. आडव्या अक्षावर वायूचं आकारमान लिटरमध्ये, उभ्या अक्षावर दाब किलोपास्कलमध्ये. डावीकडे खाली बिंदू ‘अ’: २ लिटर, १०० किलोपास्कल. त्याच्या बरोबर डोक्यावर ‘ब’: तेच २ लिटर, पण दाब ३००. उजवीकडे खाली ‘क’: ६ लिटर आणि दाब पुन्हा १००. वायू ‘अ’पासून ‘ब’ला जातो, तिथून तिरक्या सरळ रेषेने ‘क’ला उतरतो आणि तळाच्या रेषेवरून ‘अ’ला परत येतो. खाली चौकटीत उत्तर लिहिलंय: कार्य = ४०० ज्यूल. ते बरोबर आहे का?

वायू दट्ट्याला ढकलतो तेव्हा कार्य होतं, आणि ते दाब गुणिले आकारमानातला बदल एवढं असतं. ‘अ’ ते ‘ब’ या टप्प्यात दट्ट्या हललाच नाही, वायू नुसता तापला, कार्य शून्य. ‘ब’ ते ‘क’मध्ये दाब ३००वरून १००वर एकसारखा उतरला, म्हणजे सरासरी २००. आकारमान ४ लिटरने वाढलं, म्हणून कार्य ८०० ज्यूल. (किलोपास्कल आणि लिटर यांचा गुणाकार थेट ज्यूलमध्येच येतो, ही मोठी सोय. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये दिला असता तर प्रत्येक लिटर-ॲटमॉस्फिअरमागे सुमारे १०१.३ ज्यूल धरावे लागले असते, आणि बरेच गुण तिथेच गळतात.) परतीच्या वाटेवर दाब १०० आणि आकारमान ४ लिटरने कमी, म्हणून उणे ४००. बेरीज ४००. तीन टप्प्यांची ही बेरीज न करताही ताळा घेता येतो: बंद आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजेच निव्वळ कार्य. पाया ४, उंची २००, त्याचं अर्धं ४००.

आलेखाच्या कागदावर हे डोळ्यांनीही दिसतं. एका सेंटिमीटरला १ लिटर आणि १०० किलोपास्कल असं प्रमाण घेतलं, तर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे १०० ज्यूल. त्रिकोणात असे चार चौरस भरायला हवेत. कच्च्या आकृतीत रेषा थोडी वाकडी आली तरी साडेतीन-चार चौरस मोजले जातात. पेपरात ४००० किंवा ४० लिहिलं असेल तर चूक लगेच उघडी पडते.

एक फसवी जागा मात्र आहे. पुष्कळ मुलं जागा वाचवायला दाबाचा अक्ष शून्याऐवजी १००पासून सुरू करतात. मग तळाची रेषा अक्षावरच टेकते आणि ‘तिच्याखाली क्षेत्रफळ नाही, म्हणून परतीचं कार्य शून्य’ असा निष्कर्ष निघतो. बंद त्रिकोणाचं क्षेत्रफळ अक्ष कुठून सुरू केला यावर अवलंबून नसतं. एकेका टप्प्याखालचं क्षेत्रफळ असतं. म्हणून अशा पेपरात निव्वळ उत्तर बरोबर आणि टप्प्यांची उत्तरं चुकीची, असं विचित्र दृश्य दिसतं.

आता दिशा. बाण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असतील तर कार्य धन, उलटे फिरत असतील तर ऋण, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो खरा आहे, पण आडव्या अक्षावर आकारमान असेल तरच. कुणी अक्षांची अदलाबदल करून दाब आडवा घेतला, तर हाच त्रिकोण कर्णरेषेपाशी उलटा पडतो. तेच चक्र, तेच कार्य, पण बाण आता घड्याळाच्या उलट फिरताना दिसतात. म्हणून मी आधी अक्षांची नावं बघतो, नंतर बाण. आणि घड्याळापेक्षा एक साधा प्रश्न विचारतो: वायू पसरला तेव्हा दाब जास्त होता की आकसला तेव्हा? इथे पसरताना सरासरी २०० होता आणि आकसताना १००. जास्त दाबाने पसरला, म्हणून घेतलं त्यापेक्षा दिलेलं कार्य अधिक. हे इंजिन आहे. बाण उलटे केले तर आकडा तोच, पण बाहेरून आपल्याला ४०० ज्यूल घालावे लागतील. तो फ्रिजचा प्रकार.

राहिलं चिन्ह. भौतिकशास्त्रात वायूने केलेलं कार्य धन मानून पहिला नियम ΔU = Q − W असा लिहितात. त्याच मुलांच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात तो ΔU = Q + W असा असतो, कारण तिथे वायूवर झालेलं कार्य धन धरतात. एकाच व्यवहाराची दोन वह्यांतली नोंद आहे ही: एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. म्हणून आपला त्रिकोण भौतिकशास्त्रात अधिक ४०० आणि रसायनशास्त्रात उणे ४००. नुसतं ‘उणे’ बघून गुण कापणं मला पटत नाही. वर कुठलं सूत्र लिहिलंय ते वाचावं. मात्र वर एक संकेत आणि खाली दुसरा असेल तर ती चूकच.

या प्रश्नातली खरी मेख तिरक्या रेषेत आहे. ‘ब’पाशी दाब गुणिले आकारमान ६००, ‘क’पाशीही ६००. म्हणजे आदर्श वायूसाठी दोन्ही टोकांचं तापमान सारखं. तेवढ्यावरून ‘ब ते क समतापी’ असं लिहिणारे खूप. पण रेषेच्या मध्यावर, ४ लिटर आणि २०० किलोपास्कलला, हा गुणाकार ८०० भरतो. तापमान वाटेत एक तृतीयांशाने चढून परत उतरतं. समतापी वाट सरळ नसते, ती खालच्या बाजूला खोल गेलेली वक्ररेषा असते आणि तिच्याखालचं कार्य सुमारे ६५९ ज्यूल भरतं. निव्वळ कार्य मग २५९ उरतं. आकृतीत सरळ रेषा आणि उत्तरात २५९, किंवा वक्ररेषा आणि उत्तरात ४००, असं दिसलं की आकृती आणि गणित एकमेकांशी बोललेले नाहीत हे ओळखावं.

शेवटचा ताळा उष्णतेचा. वायू एकअणुक असेल तर ‘अ’ ते ‘ब’मध्ये ६०० ज्यूल आत आले, ‘ब’ ते ‘क’मध्ये ८००, परतीला १००० बाहेर गेले. उरले ४००, म्हणजे कार्याइतकेच. चक्र पुरं झाल्यावर आंतरिक ऊर्जा होती तिथेच येते. पुढे कार्यक्षमता विचारली की बहुतेक जण ४०० भागिले १४०० करून २८.६ टक्के लिहितात. तिरक्या रेषेवर ५ लिटरपर्यंतच उष्णता आत येते, ९०० ज्यूल. शेवटच्या एका लिटरात वायू उलट १०० ज्यूल बाहेर टाकतो. ८०० ही त्यांची वजाबाकी आहे. खरी घेतलेली उष्णता १५०० आणि कार्यक्षमता २६.७ टक्के.