पुरेल तितका मैदा

इटालियन घरांतल्या पाककृतींच्या वह्यांमध्ये क्रियापदाचे रूप ओळीओळीला बदलते. बटाट्याच्या न्योक्कीची, म्हणजे उकडलेल्या बटाटा-मैद्याच्या छोट्या गोळ्यांची, कृती साधारण अशी लिहिलेली असते : ‘लेस्सारे ले पताते, पेलाले काल्दे, अज्जुंजेरे फारीना क्यू.बी., नोन लावोरारे त्रोप्पो.’ तिचा अर्थ असा : बटाटे उकडणे, गरम असतानाच ते सोल, पुरेल तितका मैदा घालणे, जास्त मळणे नाही.

‘लेस्सारे’ आणि ‘अज्जुंजेरे’ ही क्रियापदाची मूळ रूपे आहेत. छापील पाककृतींत आणि पाकिटांवरच्या सूचनांत हेच रूप नेहमी दिसते. ते कोणा एकाला उद्देशून नसते, कामाची नुसती नोंद करते. ‘पेलाले’ मात्र ‘तू ते सोल’ अशी सरळ आज्ञा आहे, आई मुलीला सांगते तशी. काही वाक्ये छापलेल्या मजकुरावरून उतरवायची आणि काही कोणी सांगेल तशी टिपायची, अशा लिहिण्यात ही सरमिसळ होतेच. शेवटच्या वाक्यात व्याकरणच तिला हातभार लावते. इटालियनमध्ये ‘तू करू नकोस’ असे सांगताना ‘नोन’पुढे क्रियापदाचे मूळ रूपच येते. त्यामुळे ‘नोन लावोरारे’ ही आज्ञा की नोंद, हे रूपावरून ठरत नाही. स्वयंपाकात त्याने काही बिघडतही नाही.

बिघडते ते दुसऱ्या एका रूपामुळे. अनेकांना उद्देशून किंवा आदराने केलेली ‘त्रिताते’ ही आज्ञा म्हणजे ‘बारीक चिरा’, पण ‘चिरलेले’ या अर्थाचे विशेषणही स्त्रीलिंगी अनेकवचनात हेच रूप घेते. अशा वेळी शब्दांचा क्रम पाहावा. ‘त्रिताते ले चिपोल्ले’ म्हणजे कांदे चिरा आणि ‘चिपोल्ले त्रिताते’ म्हणजे चिरलेले कांदे. दुसरा शब्दप्रयोग साहित्याच्या यादीत असेल, तर कांदे आधीच चिरून ठेवायचे आहेत असे समजावे. पुढे कृतीत ती पायरी सापडेलच असे नाही.

प्रमाणांचे कोडे याहून अवघड. ‘क्यू.बी.’ म्हणजे ‘क्वांतो बास्ता’, पुरेल तितके. आपल्या ‘चवीपुरते मीठ’चा हा भाऊच, पण इटलीत तो मैद्यालाही लागतो आणि तिथे चव घेऊन उपयोग नसतो. जुन्या, पिठूळ बटाट्यात पाणी कमी असते, तो थोड्या मैद्यात सांधतो. नवा बटाटा पाणीदार असतो आणि मैदा पीत जातो. म्हणून लिहिणारी व्यक्ती आकडा देत नाही. तिचा हातच तिला ‘आता बास’ म्हणतो. वाचणाऱ्याला तो हात नसतो, अडचण एवढीच.

पेल्लेग्रिनो आर्तुसी यांना ती ठाऊक होती. 1891 मध्ये फ्लॉरेन्सला त्यांनी आपले पाकशास्त्राचे पुस्तक स्वखर्चाने छापले. त्यात न्योक्कीसाठी 400 ग्रॅम बटाट्यांना 150 ग्रॅम मैदा असे स्पष्ट वजन आहे. ते का दिले, तेही आर्तुसी सांगतात : त्यांच्या समोरच एका बाईंनी उकळत्या भांड्यात डाव फिरवला, तर आत न्योक्कीच उरल्या नव्हत्या. मैदा कमी पडला होता आणि सगळे पाण्यात विरघळून गेले होते. असा एक किस्सा साऱ्या तक्त्यांना पुरून उरतो.

‘क्यू.बी.’ वाचून न्योक्की करणाऱ्याने हे वजन आधाराला धरावे, पण सगळा मैदा एकदम ओतू नये. बटाटे सालासकट उकडावेत, म्हणजे ते पाणी पीत नाहीत. गरम असतानाच सोलून कुस्करावेत आणि वाफ जाऊ द्यावी. मग सुमारे 100 ग्रॅम मैदा मिसळून एकच गोळा उकळत्या पाण्यात सोडून पाहावा. तो वर येऊन अखंड राहिला तर पीठ झाले. कडा सुटल्या तर एक चमचा मैदा वाढवून पुन्हा एक गोळा टाकावा. गोळा रबरासारखा चिवट लागला, तर मैदा जास्त झाला आहे किंवा पीठ फार मळले गेले आहे. कृतीतले शेवटचे वाक्य त्यासाठीच असते.

बाकीची मापे इतकी आडमुठी नाहीत. मांसाच्या रश्श्यात ‘एक ग्लास वाइन’ म्हटले, तर थोडे कमीजास्त चालते, कारण ती आटतेच. ‘अक्रोडाएवढे लोणी’ हे मापही नजरेने घेतले तरी पुरते. केकच्या कृतीतले ‘एक पाकीट’ मात्र मोघम वाटले तरी नेमके असते. इटलीतल्या केकच्या बेकिंग पावडरच्या नेहमीच्या पाकिटात 16 ग्रॅम पावडर असते आणि ती साधारण अर्धा किलो मैद्यासाठी असते. इटलीबाहेर तीच कृती करताना स्थानिक पाकिटाचे वजन आधी पाहावे लागते, आणि ते वेगळे निघाले तर 16 ग्रॅम काट्यावर मोजून घ्यावे लागतात.