घरच्या घरी त्वचेची दुरुस्ती: डर्मारोलर, एलईडी मास्क आणि वाफेचं यंत्र

मुंबईच्या सायन रुग्णालयातील डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टक्कल पडू लागलेल्या १०० पुरुषांवर केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना डोक्याला मिनॉक्सिडिल लावायला दिलं. त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावरून शिवाय आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलर फिरवला. १२ आठवड्यांनी मोजणीसाठी ठरवलेल्या भागात नुसतं औषध लावणाऱ्यांचे केस सरासरी २२ ने वाढले होते, तर रोलरवाल्यांचे ९१ ने. मुरमांचे खड्डे भरून यायलाही याच पद्धतीचा उपयोग होतो. म्हणजे डर्मारोलर ही काही भूलथाप नाही. प्रश्न आहे तो काही शे रुपयांत ऑनलाइन मागवलेला रोलर आरशासमोर उभं राहून स्वतःच्या गालावर फिरवण्याचा.

चेहऱ्यावरचा त्वचेचा बाहेरचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याखालच्या थरात रक्तवाहिन्या असतात आणि त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजनही तिथेच तयार होतं. सुई तिथवर पोचली, बारीकशी जखम झाली, की ती भरून काढताना शरीर नवं कोलॅजन बनवतं. उपचाराचं सगळं मर्म एवढंच. घरगुती म्हणून विकले जाणारे ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे रोलर या कामाला तोकडे पडतात. वर लावलेलं द्रव्य थोडं अधिक मुरतं, त्वचा काही दिवस तुकतुकीत दिसते. खड्डे मात्र तसेच राहतात. मग माणूस एक किंवा दीड मिलिमीटरचा रोलर मागवतो.

इथून पुढे ती जखमच असते. दवाखान्यात सुया निर्जंतुक केलेल्या असतात आणि एका रुग्णाला वापरलेल्या दुसऱ्याला वापरत नाहीत. घरी स्पिरिटमध्ये बुडवल्याने बरेच जंतू मरतात, पण सुयांच्या बुडाशी अडकलेला त्वचेचा आणि रक्ताचा अंश निघेलच असं नाही. चार-सहा वापरांत टोकं बोथट होतात किंवा वाकतात. अशी सुई भोक पाडण्याऐवजी त्वचा ओरखडते. पिकलेल्या पुळीवरून रोलर गेला, तर तिच्यातले जंतू गालभर पेरले जातात.

त्याहून दुर्लक्षित धोका बाटलीतला. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये तीन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध झाली. सुयांच्या उपचारानंतर त्यांच्या चेहऱ्यावर लाल, कडक गाठी उठल्या. त्यांपैकी दोघींना उपचाराच्या वेळी व्हिटॅमिन सीचं सीरम लावलं होतं आणि तपासणीत त्याच सीरमची अॅलर्जी निघाली. त्वचेच्या वर लावण्यासाठी बनवलेलं सीरम सुयांनी आत उतरवलं, की शरीर त्याला परकं समजून त्याच्याभोवती गाठ बांधू शकतं.

भारतीय त्वचेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला जरा इजा झाली की ती तिथे जास्तीचं रंगद्रव्य सोडते. मुरमाचा डाग घालवायला फिरवलेल्या रोलरने त्याच जागी नवा डाग पडतो तो यामुळे, आणि तो फिका पडायला महिने लागतात.

एलईडी मास्क सुया टोचत नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. लाल प्रकाशाने बारीक सुरकुत्यांना आणि निळ्या प्रकाशाने सौम्य मुरमांना थोडा फायदा होतो, पण त्यासाठी आठवडेच्या आठवडे नेमाने वापर हवा. शिवाय घरगुती मास्कचा प्रकाश बहुधा दवाखान्यातल्या यंत्रापेक्षा मंद असतो. निळ्या-जांभळ्या प्रकाशाने सावळी त्वचा आणखी काळवंडते, लाल प्रकाशाने तसं होत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे वांग असलेल्यांनी निळा दिवा लावूच नये. डोळ्यांचाही विचार हवा: न्यूट्रोजिनाने २०१९ मध्ये आपला मुरमांवरचा मास्क बाजारातून परत घेतला. डोळ्यांचे काही विकार असणाऱ्यांना आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना त्यापासून इजा होण्याची शक्यता होती. मुरमांसाठी सर्रास दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन अशाच औषधांपैकी आहे.

वाफेचं यंत्र या तिघांत सगळ्यात साधं. वाफेने त्वचेची छिद्रं उघडतात हा समज चुकीचा आहे. त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. वरचा थर आणि तेल तेवढं मऊ होतं, चेहरा तासभर टवटवीत दिसतो. पाच-सात मिनिटं, हातभर अंतरावरून वाफ घेतली तर बहुतेकांना त्रास होत नाही. पण उष्णतेने वांग गडद होतो आणि चेहरा सतत लाल होण्याचा विकार बळावतो. मुरमं दाबून काढायची म्हणून वाफ घेणाऱ्यांना तर डागच मिळतात.

दीर्घ सुयांचा रोलर आधीच फिरवून झाला असेल, तर चेहरा बरा होईपर्यंत रेटिनॉल, आम्लं असलेली सीरमं आणि सुगंधी क्रीम बाजूला ठेवावीत, साधं मॉइश्चरायझर लावावं आणि ऊन टाळावं. लाली सहसा एक-दोन दिवसांत उतरते. ती वाढत गेली, पू दिसला, गाठी हाताला लागल्या किंवा ओठांभोवती पाण्याचे फोड आले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं आणि जाताना वापरलेल्या सीरमची बाटली सोबत न्यावी.