लाल दिवा लागेना

गावातला बँक मित्र आधारवरून पैसे काढून देतो, तेव्हा त्याची सगळी बँक म्हणजे एक फोन, अंगठा घेणारे छोटे यंत्र आणि मधली ओटीजी केबल. अडते ते बहुधा केबलपाशी.

अंगठ्याच्या यंत्रात बॅटरी नसते. वीज त्याला फोनच पुरवतो. एरवी फोन स्वतः वीज घेत असतो. ‘आता तू द्यायचीस’ हे त्याला ओटीजीच्या टोकातल्या जोडणीवरून कळते. म्हणून चार्जिंगची साधी केबल लावली तर काहीच होत नाही.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. बँक मित्राने टाइप-सीचा नवा फोन घेतला, पण जुनी मायक्रो ओटीजी फेकवेना. पुढे स्वस्तातला कन्व्हर्टर लावला. तो मुळात जुनी चार्जिंग केबल चालावी म्हणून बनवलेला. त्यातून फोनला खूण जाते ती ‘समोर चार्जर आहे’ अशी. मग फोन वीज देत नाही आणि यंत्र मेलेले दिसते. यंत्र दुरुस्तीला धाडण्याआधी सरळ टाइप-सीची ओटीजी लावून पाहावी. तरीही अंधारच असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘ओटीजी कनेक्शन’ शोधावे. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला ते थोडा वेळ काम नसले की आपोआप बंद करतात. सकाळी चालणारे यंत्र दुपारी रुसते, ते बऱ्याचदा यामुळेच.

दिवा लागला म्हणजे निम्मे काम झाले. आता फोन विचारतो, या उपकरणाला परवानगी द्यायची का? घाईत ‘नाही’ दाबले गेले तर केबल काढून पुन्हा लावावी. परवानगी मागते ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीची आरडी सर्व्हिस. बँकेच्या ॲपला ठसा थेट मिळत नाही. ही सर्व्हिस तो घेते, कुलूपबंद करून पुढे पाठवते. आधारच्या नियमाने मधे कुणी उघडू नये म्हणून ही व्यवस्था. नव्या एल-वन यंत्रांत हे कुलूप यंत्राच्या आतच लागते, जुन्या एल-झीरोंमध्ये फोनमध्ये लागायचे. सर्व्हिसची मुदत संपली असेल, फोन रूट केलेला असेल किंवा यंत्राची नोंदणी नसेल, तर दिवा असूनही ‘डिव्हाइस नॉट रेडी’सारखा संदेश येतो. अशा वेळी केबल बदलणे म्हणजे निव्वळ खर्च. फोनची तारीख-वेळही तपासावी. ठशासोबत वेळ जाते आणि ती चुकीची असली की विनंती फेटाळली जाते.

ठसा गेला, पण ‘बायोमेट्रिक जुळत नाही’ असे उत्तर आले, तर केबलला दोष देऊ नये. जोडणी शेवटपर्यंत पोचली म्हणूनच ते उत्तर आले. ऊसतोडीने झिजलेला किंवा थंडीने कोरडा पडलेला अंगठा जुळत नाही. काच पुसावी, बोट किंचित ओलसर करावे आणि दुसरे बोट घ्यावे; अंगठाच हवा असे बंधन नाही. खातेदाराने आधारचे बायोमेट्रिक लॉक केले असेल, तर मात्र ते उघडेपर्यंत दहाही बोटे निरुपयोगी.