आधी पाणी कोण सोडते?

एथेनॉलच्या रेणूतून पाणी काढायचे असेल, तर त्यात संहत सल्फ्युरिक आम्ल घालून मिश्रण १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. सॅनिटायझरमध्ये असणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलला ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल पुरते, पण तापमान जवळपास तेवढेच लागते. टर्शरी ब्युटिल अल्कोहोलचा मामलाच वेगळा. ते २० टक्क्यांच्या विरल फॉस्फोरिक आम्लातही ८५ अंशांवरच पाणी टाकून मोकळे होते. तिन्ही अल्कोहोलच, तिन्हींत ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा तोच हायड्रॉक्सिल गट. तरी एकाला भट्टीसारखी आच लागते आणि दुसऱ्याचे काम उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भागते.

इथे ‘पाणी काढणे’ म्हणजे मिसळलेले पाणी वेगळे करणे नव्हे. पाणी तयार अवस्थेत रेणूत नसतेच. एका कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट आणि शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन असे दोन तुकडे निघतात, त्यांचे मिळून पाणी होते आणि त्या दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध तयार होतो. एथेनॉलचे एथिलीन होते ते असे. १७९५ मध्ये चार डच रसायनशास्त्रज्ञांनी अल्कोहोल आणि सल्फ्युरिक आम्लापासूनच हा वायू मिळवला होता. कोणता बंध कधी तुटतो, हे कळायला मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.

आम्लाची गरज का पडते, हा पहिला प्रश्न. हायड्रॉक्सिल गट आपणहून सहसा निघत नाही. निघायचे तर त्याला कार्बनबरोबरच्या बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन, ऋण प्रभार अंगावर घेऊन बाहेर पडावे लागते, आणि तसा हायड्रॉक्साइड हा फार अस्वस्थ, झोंबणारा आयन असतो. आम्ल ही अडचण दूर करते. त्याचा प्रोटॉन ऑक्सिजनला येऊन चिकटतो आणि हायड्रॉक्सिल गटाचे रूपांतर कार्बनला सैलसर धरून राहिलेल्या पाण्याच्या रेणूत होते. पाणी बाहेर पडले तर ते प्रभाररहित आणि अत्यंत स्थिर असते, त्यामुळे ते जायला तयारच असते. शेवटी दुहेरी बंध तयार होताना एक प्रोटॉन पुन्हा सुटतो आणि आम्लाचा हिशेब पूर्ण होतो. म्हणून आम्ल इथे उत्प्रेरक ठरते. कारखानदारांना हेच आवडते.

दोन बंध तुटतात, पण तृतीयक अल्कोहोलमध्ये ते एकदम तुटत नाहीत. पाणी आधी जाते आणि मागे एक कार्बन उरतो, ज्याच्याभोवती आठऐवजी सहाच इलेक्ट्रॉन आहेत आणि ज्याच्यावर धन प्रभार आहे. याला कार्बोकॅटायन म्हणतात. ही सगळ्यांत संथ पायरी, आणि संपूर्ण अभिक्रियेचा वेग तीच ठरवते. पुढचे काम झटपट उरकते: शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन प्रोटॉन होऊन निघून जातो आणि त्याच्या बंधातले इलेक्ट्रॉन ती पोकळी भरून काढतात.

हा कॅटायन इतका अल्पजीवी असतो, की तो केवळ कागदावरची कल्पना असावी अशी शंका कोणालाही येईल. पण एक प्रयोग असा आहे, ज्यात तो डोळ्यांना दिसतो. ट्रायफिनाइलमिथेनॉल हे पांढरे स्फटिकी अल्कोहोल. त्याचा चिमूटभर चुरा संहत सल्फ्युरिक आम्लात टाकला, की द्रावण क्षणात गडद पिवळे-नारिंगी होते. रंग पाणी गमावलेल्या कॅटायनचा. हेच द्रावण जपून, थोडे थोडे, भरपूर थंड पाण्यात ओतले तर रंग उडतो आणि पांढरा साका खाली बसतो, म्हणजे पाणी परत जोडले जाऊन मूळ अल्कोहोल मिळते. रसायनशास्त्रात ‘मधला टप्पा’ असा उघड दिसणे दुर्मीळच. तो इथे टिकतो याची कारणे दोन. तीन बेंझिन वलये त्याचा प्रभार आपल्यात पसरवून घेतात, आणि शेजारच्या कार्बनांवर काढून टाकता येईल असा हायड्रोजनच नसतो. अल्कोहोल तृतीयक, पाणीही गेले, पण दुहेरी बंध नाही! पाणी जाणे आणि दुहेरी बंध होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे याहून ठसठशीतपणे सांगणारे उदाहरण शोधून सापडायचे नाही.

आता मुख्य प्रश्न. वेग ठरवणारी पायरी म्हणजे कॅटायन तयार होणे, तेव्हा ज्याचा कॅटायन सोसवण्याजोगा, त्याचे पाणी लवकर जाणार. टर्शरी ब्युटिल अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्सिल गट ज्या कार्बनवर बसतो, त्याला आणखी तीन कार्बन जोडलेले असतात. आयसोप्रोपिलमध्ये दोन, एथेनॉलमध्ये एकच. पाणी जाताना त्या कार्बनला इलेक्ट्रॉनांचे कर्ज होते. एकत्र कुटुंबात तिघे भाऊ हप्ता वाटून घेतात तेव्हा कोणाचे कंबरडे मोडत नाही, तसे हे आहे. नेमके घडते ते असे, की शेजारच्या कार्बन-हायड्रोजन बंधांतले इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेकडे थोडे झुकतात आणि प्रभार एका जागी साठून राहत नाही. टर्शरी ब्युटिल कॅटायनच्या भोवती असे नऊ बंध मदतीला असतात, आयसोप्रोपिलच्या भोवती सहा, एथिलच्या भोवती फक्त तीन. या मदतीला रसायनशास्त्रात अतिसंयुग्मन म्हणतात.

दाटीचाही थोडा हातभार लागतो. अल्कोहोलमध्ये त्या कार्बनभोवती चार गट असतात आणि त्यांच्यातला कोन सुमारे १०९ अंशांचा. पाणी गेले की तीनच गट उरतात, ते एका पातळीत पसरतात आणि कोन १२० अंशांचा होतो. तीन जाडजूड गट असलेल्या रेणूला ही मोकळीक हवीच असते.

एथेनॉलच्या वाट्याला आलेली मदत इतकी तोकडी, की त्याचा मोकळा कॅटायन जवळजवळ तयारच होत नाही. तिथे पाणी निघणे आणि शेजारचा हायड्रोजन ओढला जाणे एकाच वेळी घडावे लागते, आणि त्याला बरीच ऊर्जा लागते. शिवाय दुसरी एक वाट आडवी येते. तापमान १४० अंशांच्या आसपास ठेवले, तर प्रोटॉन लागलेल्या एका रेणूवर एथेनॉलचा दुसरा रेणू मागून चाल करून जातो, पाण्याला हुसकावतो आणि स्वतःच चिकटतो. मग हाती एथिलीन न येता डायएथिल ईथर येते. त्याच बाटल्या, तेच आम्ल, फरक तीस अंशांचा. म्हणूनच या प्रयोगात थर्मामीटरचा फुगा मिश्रणात बुडालेला लागतो. इतक्या आचेवर संहत आम्ल काही अल्कोहोल जाळतेही: मिश्रण काळवंडते आणि एथिलीनबरोबर सल्फर डायऑक्साइड येतो. तो काढण्यासाठी वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून न्यावा लागतो.

तृतीयक अल्कोहोलचे काम किती सुटसुटीत, ते टर्शरी अमिल अल्कोहोलवर पाहता येते. हे पाच कार्बनांचे अल्कोहोल १०२ अंशांना उकळते. ते विरल सल्फ्युरिक आम्लाबरोबर फ्लास्कमध्ये घालून पाण्याच्या आचेवर हलके तापवायचे आणि वाफा थंड करून बर्फात ठेवलेल्या पात्रात गोळा करायच्या. थर्मामीटर चाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो. ही खूण महत्त्वाची, कारण तयार होणारे पदार्थ ३१ आणि ३८ अंशांना उकळतात आणि मूळ अल्कोहोल मागे राहते. पारा त्यापुढे भराभर चढू लागला, तर अल्कोहोल आणि पाणीही वर येत आहे असे समजावे आणि आच कमी करावी. गोळा झालेला द्रव विरल कॉस्टिक सोड्याने धुऊन कोरडा करायचा. त्यात ब्रोमीनचे तांबूस द्रावण थेंबथेंब टाकले की रंग लगेच नाहीसा होतो. दुहेरी बंध झाल्याची ही साधी खूण.

पदार्थ दोन का? कॅटायनच्या दोन्ही अंगांना हायड्रोजन आहेत, तो कुठूनही सुटू शकतो. पण दुहेरी बंधाला ज्या बाजूने अधिक कार्बन लागतील ती बाजू जास्त पसंत पडते, म्हणून ३८ अंशांना उकळणारा २-मेथिल-२-ब्युटीन जास्त मिळतो. रशियातल्या कझानचे अलेक्झांडर झायत्सेव्ह यांनी १८७५ मध्ये हा कल नियम म्हणून मांडला.

या सगळ्यात आम्लाची निवड चुकली की डाव उलटतो. टर्शरी ब्युटिल अल्कोहोल संहत हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर पृथक्करण नरसाळ्यात नुसते हलवले, तर काही मिनिटांत टर्शरी ब्युटिल क्लोराइडचा थर वर येतो. कॅटायन तोच, पण क्लोराइड त्याला आधीच गाठतो. सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक आम्लांचे आयन तितके चिकट नसतात, म्हणून पाणी काढायला तीच वापरतात. तृतीयक अल्कोहोलला संहत आम्ल देणेही नडते: तयार झालेल्या आयसोब्युटिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन दुहेरी, तिहेरी साखळ्या होतात आणि हवा तो पदार्थ हातचा जातो.

हीच अभिक्रिया उलटही चालते, आणि कारखान्यांत त्याचाच फायदा घेतात. खनिज तेलाच्या भंजनातून चार कार्बनी वायूंचे मिश्रण मिळते. त्यातला आयसोब्युटिलीन उणे ६.९ अंशांना उकळतो, तर १-ब्युटीन उणे ६.३ अंशांना. साध्या ऊर्ध्वपातनाने त्यांना वेगळे करायचे म्हणजे डोकेदुखी. पण आम्लाच्या सान्निध्यात पाणी दिले, तर आयसोब्युटिलीनच ते चटकन घेतो, कारण त्याच्यापासून होणारा कॅटायन तृतीयक असतो. त्याचे टर्शरी ब्युटिल अल्कोहोल होते, जे ८२ अंशांना उकळते आणि म्हणून सहज वेगळे काढता येते. मग तेच अल्कोहोल आम्ल उत्प्रेरकावर तापवले, की पाणी सुटून शुद्ध आयसोब्युटिलीन हाती येतो. त्याच्यापासून ब्युटिल रबर बनते. टायरच्या ट्यूबमध्ये आणि इंजेक्शनच्या कुप्यांच्या बुचांमध्ये ते वापरले जाते, कारण त्यातून हवा आणि बाष्प फारच कमी झिरपते.