शेअरचा विमा किती खाली उतरवावा?

समजा, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे एकाच मोठ्या कंपनीचे ५०० शेअर आहेत. ६०० रुपयांना घेतलेला शेअर साडेनऊ महिन्यांत १,००० वर गेला. तीन लाखांचे पाच लाख झाले आणि आता ते घराच्या हप्त्यासाठी काढायचे आहेत. अडचण करांची आहे. आज विकले तर नफा अल्पमुदतीचा ठरतो आणि दोन लाखांवर २० टक्के, म्हणजे ४०,००० रुपये कर जातो. वर्ष उलटून गेल्यावर विकले तर तोच नफा दीर्घमुदतीचा होतो. मग पहिल्या सव्वा लाखावर कर नाही, उरलेल्या ७५,००० वर साडेबारा टक्के. कर येतो ९,३७५ रुपये. उपकर, दलाली बाजूला ठेवू आणि बाईंचे बाकीचे उत्पन्न करपात्र आहे असे धरू. अडीच महिने थांबण्याचे मोल ३०,६२५ रुपये झाले.

पण या अडीच महिन्यांत शेअर ७५० वर आला तर? तीस हजार वाचवायच्या नादात सव्वा लाख गेले, असे व्हायला नको. पुट ऑप्शन नावाची गोष्ट अशाच वेळी उपयोगी पडते.

पुट विकत घेणे म्हणजे ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क विकत घेणे. तो भाव म्हणजे स्ट्राइक, ती तारीख म्हणजे एक्स्पायरी आणि हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. ९५० च्या स्ट्राइकचा पुट हातात असेल, तर त्या तारखेला बाजारात भाव ७०० असो की ४००, आपल्याला ९५० मिळणार. भाव वर गेला तर पुट वाया जातो, शेअरची वाढ मात्र पूर्ण आपली.

वाहनविम्याचा दावा करताना पहिले काही हजार आपल्याच खिशातून जातात, तसेच इथेही आहे. आजचा भाव आणि स्ट्राइक यांतले अंतर म्हणजे आपण स्वतः सोसायचा वाटा. तो वाटा वाढवला की हप्ता कमी होतो. तो किती वाढवावा, हाच सगळा प्रश्न.

शेअर १,००० वर आहे, एक्स्पायरी तीन महिन्यांवर आहे आणि शेअरचा चढउतार मध्यम आहे असे धरले, तर प्रीमियम साधारण असे निघतात: १,००० च्या स्ट्राइकला ४२ रुपये, ९५० ला २४, ९०० ला १३ आणि ८५० ला ७. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यांच्यातले प्रमाण खऱ्या बाजारासारखे आहे. दर ५० रुपयांच्या पायरीला प्रीमियम जवळजवळ निम्मा होतो. म्हणूनच नवख्या माणसाची नजर ८५० वर जाते. ५०० शेअरना अवघे ३,५०० रुपये! ब्रोकरच्या ॲपवर ते आकर्षक दिसते खरे.

पण प्रीमियमकडे पाहून स्ट्राइक निवडणे मला उलटे वाटते. आधी विचारावे की सगळे बिघडले तर हातात किती उरले पाहिजेत. बाईंच्या बाबतीत तुलनेचा आकडा आयताच आहे: आज विकून कर भरला की ४,६०,००० मिळतात.

९५० च्या पुटला १२,००० रुपये लागतील. शेअर कितीही पडला तरी ९५० ने विक्री होईल, म्हणजे ४,७५,०००. नफा पावणेदोन लाख, त्यावर कर ६,२५०. प्रीमियम वजा केल्यावर ४,५६,७५० उरतात. वाईटात वाईट घडले तरी आज विकण्यापेक्षा सव्वातीन हजारच कमी. आणि भाव १,००० वरच राहिला तर ४,७८,६२५ हातात येतात, आजच्यापेक्षा साडेअठरा हजार जास्त.

८५० च्या पुटचा हिशेब वेगळाच निघतो. भाव जागचा हलला नाही तर फायदा सत्तावीस हजारांच्या घरात. पण शेअर कोसळला तर हातात ४,२१,५०० येतात, आज विकण्यापेक्षा साडेअडतीस हजार कमी. वाचवायचे होते तीस हजार, पणाला लागले त्याहून जास्त. अशा पुटमुळे सत्यानाश टळतो, पण हप्ता भरायचा राहून जाऊ शकतो. दुसऱ्या टोकाला १,००० चा पुट २१,००० रुपयांना पडतो आणि शेअर कुठेही गेला तरी किमान ४,६९,६२५ हातात येतात. हे आजच्या विक्रीपेक्षा साडेनऊ हजार जास्त आहे. इथे जाणकार वाचक म्हणेल, आज विकून पैसे बँकेत ठेवले असते तर तीन महिन्यांत सातेक हजार व्याज आलेच असते. बरोबर आहे. म्हणजे खात्रीचा फायदा उरतो दोन-अडीच हजारांचा. एवढ्यासाठी कोण खटाटोप करणार? म्हणून या बाईंना मी ९५० च सुचवीन. ज्याला पैशांची घाई नाही आणि ज्याला फक्त मोठी पडझड टाळायची आहे, त्याने ९०० घेतला तर त्यात चूक नाही.

पुटऐवजी स्टॉप-लॉस लावून ठेवू, तो फुकट असतो, असे कोणी म्हणेल. स्टॉप-लॉस हा फक्त विक्रीचा आदेश आहे, समोर त्या भावाला घेणारा असेल याची हमी त्यात नाही. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या प्रमुखांचे कबुलीपत्र बाहेर आले आणि आदल्या दिवशी १७९ च्या आसपास बंद झालेला शेअर त्या दिवशी ४० वर बंद झाला. अशा दिवशी १६० चा स्टॉप-लॉस कुठल्या भावाला पुरा होईल ते सांगता येत नाही. १६० च्या पुटवाल्याचा १६० मात्र तसाच राहतो. त्याच दिवशी निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास घसरला, म्हणून एका कंपनीच्या शेअरला निफ्टीच्या पुटचे संरक्षण पुरत नाही, हेही त्यातूनच कळते.

आता सगळ्यात फसवी जागा. आपल्याकडे शेअरचे ऑप्शन एका वेळी तीनच महिन्यांचे असतात आणि उलाढाल बहुतेक चालू महिन्यात असते. तिसऱ्या महिन्याच्या स्ट्राइकला कित्येकदा घेणारा २० म्हणतो आणि विकणारा ३०. म्हणून बरेच जण दर महिन्याला नवा, दहा टक्के खालचा पुट घेतात. महिन्याभराचा तो पुट तीन रुपयांना मिळतो, वर्षाला ३६ रुपये. स्वस्त वाटते ना?

शेअर एकदम न कोसळता दर महिन्याला सात टक्क्यांनी झिजत गेला असे धरा. १,००० चा ९३०, मग ८६५, मग ८०४. पहिल्या महिन्याचा पुट ९०० चा होता, भाव ९३० वर थांबला, पुट वाया. दुसऱ्या महिन्यात नव्या भावाच्या दहा टक्के खाली, म्हणजे ८३७ चा घेतला, भाव ८६५. वाया. तिसरा ७७८ चा, भाव ८०४. तोही वाया. शेअर जवळजवळ वीस टक्के उतरला, तीनदा प्रीमियम भरला आणि भरपाई एकदाही नाही, कारण आपण दर महिन्याला संरक्षणाची रेघच खाली ओढत होतो. सुरुवातीलाच १३ रुपये देऊन तीन महिन्यांचा ९०० चा पुट घेतला असता, तर शेवटी शेअरमागे ९६ रुपये मिळाले असते. बाजार कोसळतो तेव्हा बातमी होते. झिजतो तेव्हा होत नाही, पण बरीचशी संपत्ती अशीच जाते. म्हणून स्ट्राइक किती खाली हे मुदतीपासून तोडून ठरवता येत नाही. आपली गरज अडीच महिन्यांची असेल तर पुटही तेवढा टिकणारा हवा, मग घासाघीस करावी लागली तरी चालेल. विकणाऱ्याचा भाव लगेच कबूल न करता मधल्या भावाचा लिमिट ऑर्डर टाकून थांबावे. बाईंच्या बाबतीत वर्ष पूर्ण होण्याची तारीख एक्स्पायरीच्या आत येते ना, हे ऑर्डर टाकण्यापूर्वी दोनदा पाहावे.

प्रीमियम कधी भरतो आहोत यालाही महत्त्व आहे. वर धरलेला मध्यम चढउतार घबराटीत मध्यम राहत नाही. मार्च २०२० मध्ये बाजाराची धास्ती मोजणारा इंडिया व्हिक्स हा निर्देशांक ८० च्या वर गेला होता. अशा वेळी २४ रुपयांचा पुट कितीतरी पटींनी महागतो. कंपनीचे निकाल किंवा निवडणुकीची मतमोजणी तोंडावर आली की प्रीमियम आधीच फुगतो आणि निकाल लागला की हवा निघते. शेअर थोडा पडूनही पुटचा भाव उतरलेला पाहून लोक चक्रावतात, ते यामुळे. घ्यायचा तर बाजार शांत असताना घ्यावा. आणि घाबरून घ्यावाच लागला, तर फुगलेल्या प्रीमियममध्ये एक पायरी खालच्या स्ट्राइकवर समाधान मानावे.

काही मर्यादा निमूट मान्य कराव्या लागतात. ऑप्शन सगळ्या कंपन्यांचे नसतात, मोजक्याच मोठ्या शेअरचे असतात. ते लॉटमध्ये मिळतात आणि लॉटचा आकडा एक्स्चेंज ठरवतो. लॉट ५०० चा आणि आपल्याकडे ३०० शेअर असतील, तर वरच्या २०० वर आपण विमा घेत नाही, मंदीचा सट्टा खेळतो. पुटचा प्रीमियम शेअरच्या भांडवली नफ्यातून वजाही होत नाही. ऑप्शनचा नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात धरतात. म्हणजे बाईंना या वर्षी आयटीआर-३ भरावा लागेल, हे त्यांच्या कर सल्लागाराला आधीच सांगितलेले बरे.

राहिला एक्स्पायरीचा आठवडा. २०१९ पासून शेअरच्या ऑप्शनचा निपटारा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. भाव ९५० च्या खाली असेल आणि पुट तसाच ठेवला, तर ५०० शेअर डिमॅटमधून जातील आणि ९५० प्रमाणे पैसे येतील. शेअर त्याच ब्रोकरशी जोडलेल्या डिमॅटमध्ये, मोकळे असले पाहिजेत. दुसऱ्या खात्यात किंवा तारण असतील तर वेळेवर देता येत नाहीत आणि लिलावाचा भुर्दंड बसतो. शिवाय शेवटच्या चार दिवसांत ब्रोकर अशा पुटवर जादा मार्जिन मागतो आणि ते न भरल्यास स्वतःच पुट विकून टाकतो. ज्याला शेअर ठेवायचेच आहेत त्याने त्या चार दिवसांआधी पुट बाजारात विकून भरपाई रोख घ्यावी. आणि ज्याला विकायचेच आहेत, त्यानेही त्याआधीच ब्रोकरला फोन करून मार्जिन किती आणि शेअर कुठे, एवढे विचारून घ्यावे.