तीस संगणकांना तीस पत्ते का पुरत नाहीत

सबनेटिंगच्या वर्कशीटमध्ये गुण जातात ते बहुधा बेरीज चुकल्यामुळे नव्हे, तर आधीच पक्क्या बसलेल्या काही समजुतींमुळे. एक उदाहरण सोडवून पाहू. मेहकर तालुक्यातल्या जानेफळची एक शाळा कल्पू. हाती 192.168.10.0/24 हा गट आहे, म्हणजे २५६ पत्ते. प्रयोगशाळेत ६० संगणक, कार्यालयात ३०, ग्रंथालयात १२, शिवाय दोन इमारतींचे राऊटर जोडणारी एक लिंक.

गैरसमज: ३० संगणक आहेत, तर ३० होस्टचा /27 पुरतो.

/27 मध्ये होस्टसाठी ५ बिट उरतात, म्हणजे ३२ पत्ते. पहिला पत्ता सबनेटचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून वापरायला ३०. इथवर सगळे बरोबर करतात. पण राऊटरचा त्या बाजूचा पत्ता, म्हणजे गेटवे, याच ३० मधून द्यावा लागतो. गरज ३१ ची झाली, तेव्हा कार्यालयाला /26 च द्यावा लागेल. प्रश्नात 'संगणक' लिहिले आहे की 'होस्ट', हे आधी पाहा. 'होस्ट' या आकड्यात गेटवे बहुधा धरलेला असतो.

गैरसमज: सबनेट कोणत्याही क्रमाने मांडले तरी चालतात.

सबनेटची सुरुवात त्याच्या आकाराच्या पटीतच होते. ग्रंथालयाला आधी .0 ते .15 दिले आणि प्रयोगशाळेचा /26 पुढच्या .16 पासून धरला, तर तो सबनेट होतच नाही. 192.168.10.16 ला 255.255.255.192 मास्क लावला की उत्तर येते 192.168.10.0, म्हणजे ग्रंथालयाचीच जागा. सिस्को राऊटरवर हे लगेच कळते, कारण दुसऱ्या इंटरफेसला असा पत्ता देताना तो `overlaps with` असा संदेश देऊन नकार देतो. कागदावर मात्र कोणी अडवत नाही. म्हणून मोठ्या गरजेपासून सुरुवात करा:

```
प्रयोगशाळा  192.168.10.0/26    255.255.255.192  62
कार्यालय    192.168.10.64/26   255.255.255.192  62
ग्रंथालय    192.168.10.128/28  255.255.255.240  14
लिंक        192.168.10.144/30  255.255.255.252   2
```

शेवटचा आकडा वापरता येणाऱ्या पत्त्यांचा. .148 पासून .255 पर्यंतचे १०८ पत्ते पुढच्या वाढीसाठी मोकळे राहतात.

गैरसमज: पहिला आणि शेवटचा सबनेट वापरता येत नाही.

हा जुन्या नोट्समधून आलेला नियम. १९८५ च्या RFC 950 मध्ये तशी सूचना होती. त्या हिशोबाने /24 चे चार /26 केले तरी दोनच हाती लागत, आणि आपली प्रयोगशाळा .0 वर बसलीच नसती. १९९५ च्या RFC 1878 ने ही प्रथा कालबाह्य ठरवली. तेव्हा दोन वजा करायचे ते होस्टच्या संख्येतून; सबनेटच्या संख्येतून करू नका.