बॅच सुटल्यावर

सी-डॅकचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेल्या कुणालाही विचारा, बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गप्प कधी झाला? बहुतेक जण म्हणतील, नोकऱ्या लागल्या, सगळे कामाला लागले तेव्हा. माझ्या मते तो प्लेसमेंट चालू असतानाच गप्प होतो. पहिल्या काही दिवसांत ज्यांची निवड होते ते लॅबमध्ये यायचे थांबतात. ज्यांची होत नाही ते अभिनंदनाचे अंगठे टाकतात आणि हळूच ग्रुप म्यूट करतात. निवड झालेल्यांना वाटतं, आता आपण काय बोलणार? सी-कॅट देऊन अमरावती, नांदेड, जळगावहून आलेली, सहा महिने एकाच बाकावर जावा शिकलेली पोरं इथेच दोन गटांत वाटली जातात.

पुढे बहुतेकांना कुठे ना कुठे काम मिळतं, पण तोवर हा संकोच मुरलेला असतो. म्हणून आमच्या बॅचमध्ये जिनं नंतर सगळ्यांचा पत्ता राखला, तिनं आधी उरलेल्यांनाच फोन केले. ग्रुपवर नाही, एकेकट्याला. 'कुठे इंटरव्ह्यू झाला, काय विचारलं?' एवढाच विषय. मोठ्या कंपनीत गेलेले आपोआप सापडतात. हरवतात ते कोथरूडच्या एखाद्या दहा माणसांच्या ऑफिसात लागलेले.

तिनं एक गूगल शीट केली. नाव, शहर, कंपनी, सध्या कशावर काम, आणि 'मला हे विचारा' असा एक रकाना. या शेवटच्या रकान्यात कुणी लिहिलं, 'बँकिंग डोमेनचं टेस्टिंग', कुणी 'नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडची वाटाघाट'. पगाराचा रकाना मुद्दाम नाही. तो असता तर निम्म्यांनी शीट उघडलीच नसती. संपर्कासाठी कॉलेजचा मेल आयडी चालत नाही, तो बंद पडतो. कंपनीचाही नाही. शीट वर्षातून एकदा, मे-जूनमध्ये ताजी होते. बऱ्याच ठिकाणी एप्रिलच्या सुमारास अप्रेझलची पत्रं हातात पडतात आणि राजीनामे त्यानंतर सुरू होतात, त्यामुळे जानेवारीत भरलेली माहिती जूनमध्ये शिळी असते.

वर्षातून एकदा म्हणजे फारच कमी, असं वाटेल. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्या ओळखीतून ही जागा कळली, तो माणूस तेव्हा तुम्हाला कितीदा भेटत असे? 1973 मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार, आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे सुमारे 17 टक्केच निघाले. अधूनमधून भेटणारे जवळपास 56 टक्के, आणि वर्षाकाठी एखादवेळेस किंवा त्याहून कमी भेटणारे 28 टक्के. कारण साधं आहे. रोज जेवायला बरोबर बसणाऱ्याला आपल्याला माहीत असलेल्याच जागा माहीत असतात.

जळगावचा एक मित्र हिंजवडीत तीन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करत होता आणि त्याला जावा डेव्हलपमेंटकडे यायचं होतं. त्यानं आधी ग्रुपवर टाकलं, 'कुणाकडे ओपनिंग आहे का?' उत्तर आलं नाही. या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे दुसऱ्याचं अर्धं काम आपण करणं. इच्छा असूनही माणूस 'रात्री बघतो' म्हणतो. मग त्यानं शीटमधून खराडीतल्या एका बॅचमेटला निरोप पाठवला: 'तुमच्या करिअर पेजवर स्प्रिंग बूटची जागा आहे, जॉब आयडी सोबत देतोय. अजून अर्ज केलेला नाही. रेझ्युमेची पीडीएफ जोडली आहे. आपल्या प्रोजेक्टमध्ये लॉगिन आणि पेमेंटचे एपीआय मी लिहिले होते, तेवढं तुला माहीत आहे. जमणार नसेल तर निःसंकोच सांग.'

यातलं 'अजून अर्ज केलेला नाही' हे वाक्य सगळ्यात मोलाचं. बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टिममध्ये उमेदवाराचा मेल आयडी आधीच नोंदलेला असला, की नंतर दिलेला रेफरल धरला जात नाही. ती नोंद काही महिने तशीच राहते. रेफर करणाऱ्याला फॉर्म भरताना 'आधीच अस्तित्वात' असा लाल मजकूर दिसतो आणि विषय संपतो. उत्साहाच्या भरात रात्रीतून पन्नास ठिकाणी अर्ज टाकणारे ही वाट स्वतःच बंद करतात.

खराडीवाल्यानंही शिफारशीत 'उत्तम डेव्हलपर' असं काही लिहिलं नाही. सोबत काम केलं ते एका प्रोजेक्टपुरतं, तेही तीन वर्षांपूर्वी. त्यानं लिहिलं, 'एपीआय यानं एकट्यानं लिहिले, डेमोच्या आदल्या रात्री डेटाबेस पडला तेव्हा यानंच उभा केला.' रिक्रूटरचा फोन आला. रेफरलचा जोर इथवरच चालतो, ढिगातून रेझ्युमे वर येतो, पुढचं इंटरव्ह्यूत.

तिथे दुसऱ्या राउंडला मल्टिथ्रेडिंगवर तो अडकला. त्या संध्याकाळी त्यानं खराडीवाल्याला नापास झाल्याचं कळवलं, कोणते प्रश्न आले तेही. हे फार थोडे जण करतात. एरवी शिफारस करणाऱ्याला निकाल पोर्टलवरूनच कळतो आणि पुढच्या वेळी त्याचा हात आखडतो. इथे काही महिन्यांनी खराडीवाल्यानंच फोन केला, दुसऱ्या टीममध्ये जागा निघाली होती आणि ती अजून करिअर पेजवर आलेली नव्हती.